खाऱ्या हवेतला एसी आणि त्याची एएमसी

नागाव, किहीम, रेवदंडा, काशीद, मुरुड, दिवेआगर. या पट्ट्यात ज्यांचं घर किंवा छोटं होमस्टे आहे त्यांना एसीची वार्षिक देखभाल घ्या म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये हमखास फोन येतो. फोनवरचा मुलगा दोन भाव सांगतो. एक 'साधी' एएमसी आणि दुसरी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'. दुसरी दुपटी-तिपटीने महाग असते आणि 'त्यात सगळं येतं, सर' असं तो म्हणतो. सगळं येत नाही. काय येत नाही, हे समुद्रकाठी मुंबई-पुण्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने वाचावं लागतं. ते कसं वाचायचं, हे या लेखात पायरीपायरीने पाहू.

सुरुवात एएमसीच्या कागदापासून करायची नाही, जुन्या वॉरंटी कार्डापासून करायची. बहुतेक कंपन्या संपूर्ण यंत्रावर एक वर्षाची हमी देतात आणि कॉम्प्रेसरवर त्याहून बरीच जास्त, बऱ्याचदा दहा वर्षांची. कॉम्प्रेसर म्हणजे बाहेरच्या युनिटमधला काळा डबा, जो गॅस दाबून फिरवतो. तो एसीतला सगळ्यात महागडा भाग. अलीकडच्या काही यंत्रांवर पीसीबीची, म्हणजे यंत्राचं सगळं कामकाज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीची, वेगळी लांब हमीही असते.

कार्डावर या भागांची नावं आणि मुदती पेन्सिलीने खूण करून ठेवाव्यात. कारण महागडी एएमसी विकताना 'कॉम्प्रेसर जळला तर वीस हजारांना पडेल' असा धाक हमखास घातला जातो. आपला कॉम्प्रेसर अजून हमीत असेल, तर त्याच भीतीचे पैसे आपण दुसऱ्यांदा देत असतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. कॉम्प्रेसरची हमी सहसा फक्त त्या डब्यापुरती असते. तो बदलताना लागणारा गॅस, मजुरी आणि वाहतूक यांचं बिल वेगळं येऊ शकतं. एएमसीने हा वरखर्च उचलला तर तिचा उपयोग आहे, आणि तो उचलते का हे स्पष्ट विचारायचं.

आता करारांचे प्रकार. साध्या एएमसीत ठरलेल्या सर्व्हिस आणि बिघाड झाल्यावर मेकॅनिक येऊन बघण्याची मजुरी येते. सुटे भाग आणि गॅस आपल्या खिशातून. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये भागही येतात, पण कागदावर छापलेल्या यादीतले. दवाखान्यांत हीच विभागणी एएमसी आणि सीएमसी अशा दोन वेगळ्या नावांनी चालते. अलिबागच्या एखाद्या डॉक्टरांनी सोनोग्राफी मशीनसाठी सीएमसी घेतली असेल तर भागांचा खर्च त्यात धरलेला असतो, एएमसी घेतली असेल तर नसतो. एसीच्या धंद्यात मात्र दोन्हींना सरसकट एएमसीच म्हणतात. त्यामुळे फोनवर नुसतं 'एएमसी केली' ऐकून समाधान मानू नये. पावतीवर कोणता प्रकार छापला आहे ते बघावं.

इथून पुढचा भाग खास आपल्या किनाऱ्याचा.

बाहेरच्या युनिटच्या मागे आणि बाजूला जाळीसारखी दिसणारी पत्र्यांची रांग असते, ती कंडेन्सर कॉइल. खोलीतली उष्णता गॅसबरोबर बाहेर येते आणि या कॉइलमधून हवेत सोडली जाते. बहुतेक यंत्रांत आतली नळी तांब्याची आणि तिच्यावर बसवलेले पातळ पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. पत्रे कागदासारखे पातळ ठेवलेले असतात, कारण पृष्ठभाग जितका जास्त तितकी उष्णता लवकर जाते.

लाटा फुटतात तेव्हा उडालेले बारीक खारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि मीठ या पत्र्यांवर बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की त्याचं पाणी होतं, आणि आपल्याकडे वर्षातल्या बहुतेक रात्री ती त्याहून वरच असते. म्हणजे वरून कोरडी दिसणारी कॉइल रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात भिजत असते. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारं पाणी, एवढं जमलं की ती एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात तांबं टिकतं आणि ॲल्युमिनियम झिजतं.

हे डोळ्यांनी दिसतं. आधी पत्र्यांवर पांढरट भुकटी येते. मग खालच्या कोपऱ्यातले पत्रे बोटाने दाबले तर बिस्किटासारखे तुटून पडतात. नळीभोवतीचा पत्रा गेला की उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त विद्युतप्रवाह ओढतो, दुपारी एसी मधूनच बंद पडतो आणि संध्याकाळी पुन्हा बरा चालतो. 'उन्हात बंद पडतो, रात्री चालतो' ही तक्रार ऐकली की इथला जाणता मेकॅनिक आधी बाहेरच्या कॉइलची मागची बाजू बघतो. पुढे नळीच्या जोडांवर आणि वळणांवर बारीक छिद्रं पडून गॅस निसटायला लागतो.

म्हणूनच किनाऱ्यावर एएमसी वाचताना पहिली ओळ शोधायची ती कॉइलची. कंपनीच्या सरसकट करारात बऱ्याचदा असं असतं की आतल्या पानावर 'कंडेन्सर कॉइल' हा भाग समाविष्ट यादीत दिसतो आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, 'गंज, क्षार किंवा समुद्री हवेमुळे झालेलं नुकसान वगळून' असं लिहिलेलं असतं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की अर्थ असा निघतो की कॉइल येते, पण तिला ज्या कारणाने आपल्याकडे मरण येतं ते कारण येत नाही.

हे तोंडी निस्तरत नाही. विकणारा म्हणेल, 'आम्ही देतो हो, काळजी नको.' त्याला ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न विचारायचा: 'माझं घर समुद्रापासून तीनशे मीटरवर आहे. कंडेन्सर कॉइल गंजून गळली, तर ती आणि तिच्याबरोबर लागणारा गॅस या करारात फुकट बदलून मिळेल का?' उत्तर 'हो' आलं तर ते जपून ठेवायचं. उत्तर गोलमोल आलं किंवा आलंच नाही, तर ते 'नाही' समजायचं. एखादा स्थानिक फ्रँचायझी स्वतःच्या जबाबदारीवर ते लिहून देतोही. त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्का असेल तर कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा तो कागद मोलाचा.

पत्र्यांवर निळा किंवा सोनेरी लेप आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक ओळ: लेपाने गंज लांबतो, थांबत नाही.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, आपल्याला मिळालेला भाव घालून आपण तो पुन्हा करावा. समजा नागावला दीड टनाचे दोन एसी आहेत, पाच वर्षांचे, कॉम्प्रेसर अजून हमीत. साधी एएमसी एका यंत्राला २,००० रुपये, कॉम्प्रिहेन्सिव्ह ५,५००. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि फोनवर सांगितलेल्या भावात तो बहुधा धरलेला नसतो. म्हणजे साध्या कराराचे एका यंत्राला २,३६०, दोघांचे ४,७२०. कॉम्प्रिहेन्सिव्हचे एका यंत्राला ६,४९०, दोघांचे १२,९८०. फरक ८,२६० रुपयांचा.

या ८,२६० रुपयांत आपण नेमकं काय विकत घेतो? वर्षभरात एका यंत्राचा कपॅसिटर गेला असं धरू. कपॅसिटर म्हणजे मोटरला सुरू होताना धक्का देणारा छोटा डबा. तो काही शे रुपयांत बदलून होतो. आतल्या पंख्याची मोटर गेली तर दोन-तीन हजार धरू. हे दोन्ही फुकट झाले तरी फरक भरून निघत नाही. पण बाहेरची कॉइल गेली आणि गॅससह तिचे नऊ-दहा हजार झाले, तर एका फटक्यात करार वसूल होतो. आणि कॉइल वगळलेली असेल, तर आपण १२,९८० रुपये भरून वर ते नऊ-दहा हजारही भरतो. म्हणून किनाऱ्यावर सगळा सौदा कॉइल आणि गॅस या दोन ओळींवर ठरतो. त्या दोन ओळी आपल्या बाजूने नसतील तर साधी एएमसी घेऊन उरलेले पैसे बाजूला ठेवणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. शहरातल्या माणसाला मी हेच सांगेन असं नाही.

प्रकार ठरला की करार कागदावर उतरताना काही साध्या चुका होतात. सगळ्यात नेहमीची म्हणजे पत्त्याची. घर नागावला, मालक दादरला, एसी विकत घेतला परळच्या दुकानातून. कंपनीच्या नोंदीत पत्ता दादरचाच राहतो. पुढे तक्रार नोंदवली की ती मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला जाते, तिथून 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत येते, आणि तीन-चार दिवस त्यातच जातात. करारावर जिथे यंत्र बसवलं आहे तिथलाच पत्ता पिनकोडसह असावा.

दुसरी गोष्ट सिरियल नंबरची. आतल्या आणि बाहेरच्या युनिटला वेगवेगळे नंबर असतात. दोन्ही करारावर लिहून घ्यायचे. बाहेरच्या युनिटवरचं स्टिकर उन्हा-पावसात दोन वर्षांत पांढरं पडतं आणि मग त्या यंत्राची ओळख पटवणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. बसवल्या दिवशीच फोटो काढून ठेवला तर पुढचा वाद वाचतो. त्याच स्टिकरवर यंत्रात कोणता गॅस आणि किती वजनाचा भरायचा तेही छापलेलं असतं. त्याची गरज पुढे पडणार आहे.

तिसरी गोष्ट अंतराची. 'चोवीस तासांत सेवा' हे आश्वासन शहराच्या हद्दीसाठी असतं. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर किंवा सर्व्हिस सेंटरपासून अमुक किलोमीटरच्या पुढे वेगळा प्रवासखर्च, असं कलम बऱ्याच करारांत असतं. अलिबाग शहरात त्रास होत नाही. मुरुड, बोर्ली किंवा श्रीवर्धनला होतो. आपल्या गावाचं नाव घेऊन विचारायचं: मेकॅनिक कुठून येणार, किती दिवसांत येणार, आणि प्रत्येक फेरीचा प्रवासखर्च आहे का. साध्या कराराचे वाचवलेले पैसे दोन फेऱ्यांच्या प्रवासखर्चात संपलेले मी पाहिले आहेत.

करारापूर्वी मेकॅनिक यंत्र तपासायला येतो. या तपासणीत सापडलेले दोष आधी आपल्या खर्चाने दुरुस्त करावे लागतात, मगच करार सुरू होतो. यात गैर काही नाही. फक्त दोषांची यादी लेखी घ्यावी आणि 'दुरुस्तीनंतर यंत्र चालू स्थितीत' असा शेरा घ्यावा. नाहीतर दोन महिन्यांनी 'हा दोष करारापूर्वीचा होता' असं ऐकावं लागतं.

आता सर्व्हिसच्या फेऱ्या. करारात 'वर्षाला तीन सर्व्हिस' लिहिलेलं असतं. त्यातल्या किती ओल्या आणि किती कोरड्या, हे बहुतेक जण विचारत नाहीत. कोरड्या सर्व्हिसमध्ये जाळी काढून धुतात, वरवर ब्रश आणि फडकं मारतात, वीस मिनिटांत काम संपतं. ओल्या सर्व्हिसमध्ये आतल्या युनिटखाली प्लास्टिकची झोळी लावून छोट्या पंपाने कॉइल आणि ब्लोअर धुतात, पाणी जायची नळी मोकळी करतात आणि बाहेरचं युनिट उघडून मागून धुतात. मीठ फक्त पाण्याने जातं. त्यामुळे किनाऱ्यावर कोरडी सर्व्हिस ही जवळजवळ नसल्यातच जमा. तिन्ही ओल्या मिळत नसतील तर निदान दोन मिळाव्यात असा आग्रह धरायचा. मे महिन्यात जोराचा वारा सुटून घरावर मीठ बसतं, पुढे पावसाळ्यात ते धुतलं जातं, पण भिंतीच्या आडोशाला किंवा छज्ज्याखाली असलेल्या युनिटवर पाऊस पोचतच नाही, तिथलं मीठ तसंच राहतं.

फेऱ्यांचे महिनेही आपण ठरवावेत. एक फेब्रुवारीअखेर, म्हणजे उन्हाळ्याची गर्दी सुरू होण्याआधी. एक ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर. तिसरी मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, घर बंद करून जाण्याआधी, म्हणजे मीठ घेऊन यंत्र चार महिने पडून राहत नाही. मेकॅनिकच्या सोयीवर सोडलं तर तो गर्दी नसलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये फेऱ्या उरकतो. न वापरलेली फेरी पुढच्या वर्षी मिळत नाही, हेही कलम असतंच.

धुण्याच्या पाण्याकडे इथे कुणी लक्ष देत नाही, ते द्यायला हवं. किनाऱ्यालगतच्या अनेक वाड्यांत बोअरचं पाणी मचूळ लागतं. त्याच पाण्याने कॉइल धुतली तर मीठ काढायला म्हणून आपण नवं मीठ लावतो. मेकॅनिक पाणी घरचंच वापरतो, सोबत आणत नाही. नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं दोन-तीन बादल्या गोडं पाणी त्या दिवशी काढून ठेवावं. पाण्याचा झोत मंद असावा. गाड्या धुण्याच्या जोरदार पंपाने पातळ पत्रे आडवे होतात आणि हवा जायची वाट बंद होते. झटपट चमक आणणारं ॲसिडचं द्रावण तर मुळीच मारू देऊ नये. मळाबरोबर ॲल्युमिनियमही जातं.

काम झाल्यावर एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून दोन मापं घ्यायची. थर्मामीटर एकदा युनिट जिथून हवा ओढतं तिथे धरायचा आणि एकदा जिथून थंड हवा येते तिथे. दोन्हींत साधारण आठ ते बारा अंशांचा फरक असावा. दुसरं माप क्लॅम्प मीटरचं. तारेभोवती चिमटा लावून यंत्र किती अँपिअर ओढतंय ते कळतं. हा आकडा युनिटवरच्या पाटीशी ताडून बघायचा आणि जॉब कार्डवर लिहून घ्यायचा. इन्व्हर्टर एसीत तो कमीजास्त होतो, म्हणून दर वेळी तेच तापमान लावून मोजावं. एका वर्षाचे तीन आकडे समोर असले की कॉइल हळूहळू बसत चालली आहे का, ते न उघडताच कळतं.

मालक गावात नसेल तर गोची होते. वाडीवरचे काका मेकॅनिकला दार उघडून देतात. काम संपल्याचा ओटीपी मात्र मालकाच्या मोबाईलवर जातो, आणि मालक त्या वेळी दादरला लोकलमध्ये उभा असतो. फोन येतो, 'साहेब, काम झालं, ओटीपी सांगा.' तो सांगितला की कंपनीच्या नोंदीत सर्व्हिस पूर्ण झाली. बाहेरचं युनिट उघडलं का, हे विचारायला मग आधार राहत नाही. काकांना दोन फोटो पाठवायला सांगावं. एक बाहेरच्या कॉइलचा मागच्या बाजूने, ओली असताना. दुसरा भरलेल्या जॉब कार्डचा. ते आले की ओटीपी द्यावा. एसी चालू करून गार हवा येईपर्यंत सही करायची नाही, एवढं काकांना एकदा सांगितलं की ते आपल्यापेक्षा कडक निघतात.

गॅसबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय. म्हणून 'दर वर्षी थोडा गॅस टॉप-अप करावा लागतो' हे खरं नाही.

गळतीची खूण बऱ्याचदा दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. छिद्रातून ते गॅससोबत बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट, तेलकट डाग पडतो. पितळी नटांचे जोड आणि कॉइलची वळणं यांवर असा डाग शोधावा. दुसरी खूण म्हणजे आतल्या कॉइलवर किंवा बाहेरच्या नळीवर बर्फ धरणं. पण घाण जाळीमुळेही बर्फ धरतो, म्हणून आधी जाळी धुऊन बघायची.

करारात गॅस समाविष्ट असला तरी 'वर्षातून एकदा' अशी मर्यादा सहसा असते. आणि एकदाचा गॅस जर गळती न काढता भरला, तर तो महिन्या-दोन महिन्यांत उडून जातो आणि आपला हक्कही संपतो. म्हणून क्रम असा हवा: आधी नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, साबणाच्या फेसाने छिद्र शोधायचं, जोड द्यायचा, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल निदान वीस-तीस मिनिटं ओढून काढायची, आणि शेवटी काट्यावर वजन करून स्टिकरवर छापलेला गॅस भरायचा. स्टिकरवर आर-३२ किंवा आर-४१०ए असं लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-३२ पेटू शकतो, त्यामुळे तो आत असताना नळीला ज्योत लावणारा मेकॅनिक दिसला तर तिथेच थांबवायचं. पंप आणि वजनकाटा न आणता फक्त सिलिंडर घेऊन आलेल्याकडून गॅस भरून घेऊ नये, मग तो फुकट देत असला तरी.

वगळलेल्या गोष्टींची बाकीची यादी तशी सगळीकडे सारखीच असते. प्लास्टिकचं आवरण, पट्ट्या, रिमोट, स्टॅबिलायझर, बाहेरचं लोखंडी स्टँड, यंत्र काढून दुसरीकडे बसवणं, दुसऱ्या मेकॅनिकने हात लावलेलं यंत्र. स्टँडकडे मात्र आपल्याकडे डोळेझाक करू नये. साधं लोखंडी स्टँड इथे काही पावसाळ्यांत सडतं आणि युनिट भिंतीवरून निखळू शकतं. ते बदलताना युनिट उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी करारात येत नाही.

विजेचा दाब वरखाली होऊन पीसीबी जळली तर ती कॉम्प्रिहेन्सिव्हमध्येही बऱ्याचदा नाकारली जाते. उंदीर, मुंग्या आणि पाल यांनी केलेलं नुकसानही तसंच. पाटीवर चिकटून मेलेली पाल हा कोकणातला एक कायमचा बिघाड. मेकॅनिकने पाटी काढली की ती आपल्यासमोर बघावी आणि कारण जॉब कार्डवर नेमकं काय लिहिलं जातंय ते वाचावं. 'पीसीबी निकामी' आणि 'व्होल्टेजमुळे पीसीबी जळाली' या दोन शेऱ्यांत काही हजारांचा फरक असतो.

वादळाचं नुकसान कुठल्याच एएमसीत येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा छपरं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. अशा नुकसानासाठी घराचा विमा लागतो. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत वादळ आणि पूर येतो, घरातल्या वस्तूंनाही ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण मिळतं. मात्र शॉर्टसर्किटने स्वतःच जळालेलं यंत्र त्यात धरत नाहीत. म्हणजे विमा वादळासाठी, एएमसी झिजेसाठी, आणि विजेच्या दाबासाठी चांगला स्टॅबिलायझर. तिन्हींची कामं वेगळी.

नूतनीकरण संपायच्या तारखेआधी महिनाभर हाती घ्यायचं. खंड पडला तर कंपनी पुन्हा तपासणी लावते आणि काही ठिकाणी पहिले काही आठवडे बिघाडाची तक्रार घेत नाहीत. करार एप्रिल-मेमध्ये संपत असेल तर हा खंड नेमका भर उन्हाळ्यात येतो. पहिल्यांदा करार घेतानाच तो जानेवारीच्या आसपास सुरू होईल असं बघितलं तर ही अडचण येत नाही.

दर वर्षी यंत्राचं वय वाढतं तसा भाव वाढतो. ते अपेक्षितच आहे. पण भावाबरोबर अटीही बदलतात आणि त्या कुणी वाचून दाखवत नाही. गेल्या वर्षी समाविष्ट असलेली कॉइल सातव्या-आठव्या वर्षी यादीतून गळालेली असते, किंवा गॅसच्या पुढे 'सवलतीच्या दरात' असे शब्द आलेले असतात. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून फक्त कॉइल, गॅस आणि फेऱ्या या तीन ओळी ताडून बघायच्या. ऑनलाइन नूतनीकरण करताना नव्या अटींचा कागद मागून घ्यायचा, नुसत्या पावतीवर भागवायचं नाही.

कॉइलचे पत्रे झडायला लागले असतील, तर त्या यंत्राला कॉम्प्रिहेन्सिव्ह घेऊन कंपनीच्या खर्चाने कॉइल बदलून घेऊ, हा बेत सहसा जमत नाही. तपासणीत ते दिसतंच. अशा यंत्राला साधा करार पुरे.

'तुमची एएमसी संपतेय, आज भरलं तर तीस टक्के सूट' असा फोन कंपनीच्याच नावाने, पण भलत्याच माणसाकडून येऊ शकतो. गूगलवर दिसणारे कस्टमर केअर नंबरही सगळे खरे नसतात. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा यंत्रावरचा घ्यायचा, आणि पैसे कंपनीच्या किंवा पावती देणाऱ्या फ्रँचायझीच्या खात्यातच भरायचे. घरी आलेल्या मुलाच्या खाजगी यूपीआयवर भरलेले पैसे कंपनीच्या नोंदीत दिसत नाहीत.

करारात असलेली गोष्ट नाकारली, तर आधी तक्रार क्रमांक घेऊन लेखी नकार मागायचा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायची. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण मोठ्या कंपन्या या तक्रारींना उत्तर देतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा आयोग अलिबागला आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे दादरच्या मालकाला त्यासाठी मांडव्याची बोट धरावी लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. जॉब कार्डांचे फोटो, व्हॉट्सॲपवरचं 'हो' आणि दोन्ही वर्षांचे करार जोडायचे.

होमस्टेवाल्यांनी एक फरक लक्षात ठेवायचा. निव्वळ व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा या कायद्यात ग्राहकाची सेवा मानत नाहीत. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून चालवलेला छोटा व्यवसाय असेल तर संरक्षण मिळतं. दहा खोल्यांचं रिसॉर्ट नोकर ठेवून चालवणाऱ्याने आयोगावर विसंबू नये. त्याने करारातच दंडाचं कलम घालून घ्यावं, म्हणजे अमुक दिवसांत एसी सुरू झाला नाही तर दर दिवशी अमुक रुपये करार-रकमेतून वजा. सात-आठ यंत्रांचा करार एकदम देणाऱ्याला फ्रँचायझी हे कलम लिहून देतो, आणि पैसे वर्षाचे एकदम न भरता तिमाहीने घ्यायलाही तयार होतो.